कारणे लिहा : युद्ध अमेरिकेत संपलं, बँका मुंबईत का बुडाल्या?

परीक्षा जवळ आली की पालकांच्या ग्रुपवर एक तक्रार हमखास येते. "इतिहासाच्या वर्कशीटवर उत्तराला तीनच ओळी दिल्यात. एवढ्यात मूल काय लिहिणार?" मी इतिहास शिकवते, ती वर्कशीटही मीच करते, आणि त्या तीन ओळी मी मुद्दाम आखते. पानभर उत्तरात न समजलेली गोष्ट सहज लपते. 'कारणे लिहा' म्हटलं की गाईडमधले पाच मुद्दे ओतायचे, त्यातला एखादा बरोबर निघतोच. तीन वाक्यांत लपायला जागा नसते.

यंदा नववीला आपल्याच शहरातला प्रश्न दिला होता. '१८६५ साली मुंबईतील अनेक कंपन्या व बँका बुडाल्या. कारण लिहा.' वर्गात आधी सगळं झालेलं होतं. १८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं आणि उत्तरेच्या आरमाराने दक्षिणेकडच्या बंदरांची नाकेबंदी केली. लँकेशायरच्या गिरण्यांचा बहुतेक कापूस तिथूनच यायचा, तो आटला. मग इंग्लंडचे व्यापारी मुंबईच्या कापसावर तुटून पडले, भाव कित्येक पटींनी चढले आणि शहरात पैशाचा पूर आला. त्या पैशातून रोज नवी कंपनी निघायची, समुद्रात भराव घालून जमीन काढणारी बॅक बे कंपनी त्यातलीच. शेअरचा सट्टा इतका वाढला की शेअरदलाल प्रेमचंद रायचंद यांच्या शब्दावर बाजार हलायचा.

बहुतेक वह्यांत एकच उत्तर आलं : 'अमेरिकेतील युद्ध संपले म्हणून मुंबईतील बँका बुडाल्या.'

यात चूक काहीच नाही. तरी मी अर्धेच गुण दिले. एका मुलाने मग वर्गात उभं राहून विचारलं, "बाई, पण युद्ध संपलं म्हणजे चांगलंच झालं ना? मग बँक कशी बुडेल?" अख्ख्या वर्गातला तो सर्वांत हुशार प्रश्न होता, आणि त्याच्या स्वतःच्या वहीत त्याचं उत्तर नव्हतं. युद्ध आणि बँक यांच्यामध्ये जे घडलं तेच त्या उत्तरातून गळालं होतं.

मग आम्ही फळ्यावर डावीकडे 'युद्ध संपले, एप्रिल १८६५' लिहिलं आणि उजवीकडे 'बँक बुडाली'. मध्ये काय? एकजण म्हणाला, कापूस स्वस्त झाला. बरोबर, अमेरिकेचा कापूस पुन्हा येणार हे दिसताच भाव कोसळले. पण कापूस स्वस्त झाला तर कापसाचा व्यापारी बुडेल, बँक का? इथे वर्ग अडला. मी विचारलं, शेअर घ्यायला लोकांनी पैसे कुठून आणले होते? मागच्या बाकावरून उत्तर आलं, "कर्ज काढून." आणि कर्जाला तारण काय होतं? पुष्कळदा तेच शेअर! भाव पडल्यावर शेअर कागदाच्या मोलाचे झाले. १ जुलै १८६५ ला वायद्याचे मोठे सौदे पुरे करायचे होते, ते करायला लोकांकडे पैसा नव्हता. कर्जदार बुडाला, तारणाला किंमत राहिली नाही, मग बँकेचे पैसे कुठून परत येणार? जुनी बँक ऑफ बॉम्बेसुद्धा यातून वाचली नाही.

हे सगळं तीन वाक्यांत मावतं. वर्गाने मिळून लिहिलेलं उत्तर असं होतं :

'१८६५ मध्ये अमेरिकेतील युद्ध संपल्याने तेथील कापूस पुन्हा इंग्लंडला मिळणार हे स्पष्ट झाले व मुंबईच्या कापसाचे भाव कोसळले. मुंबईत अनेकांनी शेअर तारण ठेवून, कर्ज काढून सट्टा केला होता; भावांबरोबर शेअरही पडले व त्यांना कर्ज फेडता आले नाही. त्यामुळे कंपन्या व त्यांना पैसे देणाऱ्या बँका बुडाल्या.'

यातलं मधलं वाक्य झाकून वाचा. पुन्हा तोच 'युद्ध संपलं म्हणून बँक बुडाली'चा चमत्कार उरतो. तपासताना मी आधी मधलं वाक्यच शोधते. पहिलं आणि तिसरं तर प्रश्नातून आणि धड्याच्या शीर्षकातूनही जमवता येतं.

दुसरी गडबड तारखांची. 'कापसाचा व्यापार का वाढला?' या प्रश्नाला दरवर्षी कुणीतरी लिहितंच, 'सुएझ कालव्यामुळे'. कालवा खुला झाला १८६९ साली, म्हणजे तेजी येऊन, ओसरून, लोक कोर्टकचेऱ्या करत बसले होते तेव्हा. परिणामाच्या बाजूलाही तेच. 'कापसाच्या तेजीमुळे मुंबईत गिरण्या सुरू झाल्या' असं लिहितात, पण कावसजी दावर यांची गिरणी १८५४ ची. उलट तेजीत कच्चा कापूसच इतका महागला की गिरणीवाल्यांना ती जड गेली. दोन्ही वाक्यांपुढे समासात साल लिहायची सवय लावली, तर असली उत्तरं मुलं स्वतःच खोडतात.

आता थोडं अवघड. काही मुलं लिहितात, 'मुंबईत रेल्वे होती म्हणून कापसाचा व्यापार वाढला.' रेल्वे १८५३ पासून होती, १८६३ मध्ये बोरघाटातून गाडीही जायला लागली. तिच्यामुळे कापूस बंदरावर आणणं सोपं झालं हे खरंच. पण मग भाव १८६१ नंतरच का भडकले? याचं उत्तर रेल्वे देत नाही, नाकेबंदी देते. रेल्वे लिहिली म्हणून मी गुण कापत नाही, फक्त 'मग तेव्हाच का?' एवढं बाजूला लिहून वही परत देते. गाईडमध्ये ही दोन्ही कारणं एकाखाली एक, सारख्या टाइपात छापलेली असतात, आणि माझा खरा राग त्यावर आहे. मुलाला कळणार कसं की एक कारण आधीपासून होतं आणि दुसऱ्याने ठिणगी पाडली?

'परिणाम लिहा'मध्ये मी एकच गोष्ट मागते : कुणावर? 'मुंबईवर वाईट परिणाम झाला' हे उत्तर नव्हे. सटोडिये कंगाल झाले, ठेवीदारांचे पैसे अडकले, बॅक बे कंपनी गुंडाळली गेली आणि तिथला मोठा भराव थेट विसाव्या शतकात पडला. यातलं कुठलंही एक, नीट.

आणि हो, तीन ओळी सगळ्यालाच पुरत नाहीत. 'कापड उद्योग मुंबईतच का वाढला?' या प्रश्नात भांडवल, बंदर, कोकणातून आलेले कामगार, चीनला जाणारं सूत असं बरंच काही आहे. त्याला तीन ओळी देणं हा प्रश्न काढणाऱ्याचा आळस. तो मी वर्कशीटवर असा विचारते : 'कोणतेही एक कारण निवडा आणि ते नसते तर काय अडले असते ते लिहा.' गेल्या वेळी एकीने कामगार निवडले आणि लिहिलं, 'यंत्रे इंग्लंडहून जहाजाने आणता येत होती, पण ती रोज चालवायला इतकी माणसे इथेच हवी होती. कोकणात शेतीवर भागत नसल्याने ती मुंबईला आली.' दोन वाक्यं. पूर्ण गुण.