शिक्का कसला मारताय, आकडे जुळवा!

ब्रिटनच्या व्हिजिटर व्हिसासाठी मराठी पगारपत्रक आणि पासबुकाचं भाषांतर करून घ्यायचं म्हटलं की डोकं फिरतं. फोर्टात कुणालाही विचारा, उत्तर एकच: नोटरी करून टाका! अहो, व्हिसासाठी मागतात ते भाषांतरकाराचं लेखी निवेदन. भाषांतर मूळ कागदाशी तंतोतंत जुळतं असं त्यानं लिहायचं, खाली तारीख, पूर्ण नाव, सही आणि संपर्क. नोटरीचा लाल शिक्का त्याची जागा कशी घेणार? पैसे घेताना हे सांगायला काय जातं?

आणि आकडे! दादाच्या पगारपत्रकावर निव्वळ वेतन ६२,४५०. पासबुकात एक तारखेला जमा ६२,४५०. पगारपत्रकाच्या भाषांतरात काय? ६४,२५०! पडताळणारा अधिकारी नेमकी हीच रक्कम खात्यात शोधणार. नाही सापडली तर पगार खरा कसा मानेल? सांगितलं तर भाषांतरकार म्हणे, टायपिंगची चूक आहे, चालून जाईल. कुणाच्या भरवशावर चालून जाईल?

नावाचीही तीच तऱ्हा. पासपोर्टची झेरॉक्स हातात दिलेली, तरी आडनाव स्वतःच्या मनाने लिहिलं. पासबुकाची मधली दोन पानं तर गाळूनच टाकली, 'त्यात काही विशेष नाही' म्हणून! दादाचा पगार नेमका त्यातल्याच एका पानावर जमा झालेला. भाषांतर अख्ख्या कागदाचं लागतं हो, तुम्हाला आवडलेल्या ओळींचं नाही. फी मात्र प्रत्येक पानाची घेतली, गाळलेल्या पानांसकट!