सकाळची मळमळ आणि गिळलेला शेंबूड : खुलासा

"नाक चोंदल्यावर शेंबूड गिळला की पोटात विष होतं, म्हणून सकाळी ओकारी येते, मिठाचं पाणी पिऊन उलटी काढा."

गावच्या ग्रुपवर हे लई फिरायलंय, पण चूक आहे. नाकातला चिकट द्रव रोज साधारण लिटरभर आपण गिळतच असतो, पोटातलं आम्ल तो पचवतं. आमच्या मामांचंच बगा, तूर काढताना धूळ गेली, नाक बंद, रात्रभर तोंडानं श्वास. झोपेत गिळणं कमी होतं, मग घट्ट कफ घशामागं साचून वाळतो, अन् सकाळी ब्रश लावला की उबळ. काही पोटात गेलेला असतो, तो रिकाम्या पोटी मळमळवतो. खाकरून थुंकल्यावर बरं वाटलं, तर कारण बहुतेक हेच. मिठाच्या पाण्यानं उलटी काढू नका, रक्तात मीठ वाढून जिवावर बेतू शकतं. तो मेसेज पुढं पाठवू नका, पाठवला असंल तर डिलीट मारा.