ताजी बॅटरी हवीच कशाला?

सकाळी गाडी 'टक्' करून गप्प बसली, की तडक पीबी रोडवरचं बॅटरीचं दुकान गाठावं. जुन्या बॅटरीवरचा नंबर बघू नये. गाडीचं माहितीपुस्तक पहिल्या दिवशी कप्प्यात गेलंय, ते तिथंच सुखात असू द्यावं. दुकानात एवढंच म्हणावं, "अण्णा, मारुतीला एक बॅटरी घाला की." कुठली मारुती, पेट्रोल का डिझेल, असं त्यांनी विचारलंच तर "जी बसंल ती घाला" म्हणून मोकळं व्हावं.

काही अतिशहाणे जुन्या बॅटरीचा फोटो काढून नेतात. त्यावर 38B20L असं काहीतरी असतं. 38 हा ताकदीचा आकडा, B हा रुंदी-उंचीचा वर्ग आणि 20 म्हणजे सुमारे २० सेंटिमीटर लांबी. शेवटच्या L चा अर्थ असा, की टर्मिनलची बाजू आपल्याकडे करून बॅटरी ठेवली तर निगेटिव्ह डावीकडे येतं. R मध्ये ते उजवीकडे. पण एका अक्षरासाठी कुठं हुज्जत घालायची? दुकानात R असेल तर R घ्यावी. ट्रेमध्ये ती अगदी चपखल बसते, केबल तेवढी पोचत नाही. मग ओढाताणीत लाल केबल निगेटिव्हला लागली, की मेन फ्यूज उडतो, नशीब जोरावर असलं तर अल्टरनेटरचे डायोडही जातात. त्याचं बिल अण्णा घेत नाहीत, ते पुढचा इलेक्ट्रिशियन घेतो.

आता तारीख. कोपऱ्यातली बॅटरी ओल्या फडक्यानं पुसून समोर आली, की तिच्या लकाकीवर भाळावं. झाकणावर ठोकलेला कोड मुळीच वाचू नये. बऱ्याच ठिकाणी त्यात महिन्याला अक्षर आणि वर्षाला आकडा असतो: A म्हणजे जानेवारी, F म्हणजे जून. समजा मार्च २०२६ मध्ये तुमच्यापुढे F5 आली. म्हणजे जून २०२५ ची, नऊ महिन्यांची. प्रत्येक कंपनीची रीत वेगळी असते, पण बनवल्याचा महिना-वर्ष खोक्यावर सरळ छापलेला असतो. म्हणून खोकं मागूच नये.

तीन महिन्यांच्या आतली बॅटरी मागणारे लोक उगाच नखरे करतात. पडून राहिलेली बॅटरी आपोआप उतरते आणि उतरलेल्या अवस्थेत प्लेटांवर सल्फेटचा थर कडक होत जातो. उकाड्यात हे आणखी लवकर होतं, आणि पत्र्याच्या गोदामात उन्हाळ्यात काय गारवा असतो म्हणता! अण्णा ती आदल्या रात्री चार्जरला लावतात. लगेच मीटर लावला तर आकडा छान दिसतो. काही तास तशीच ठेवून मोजली, तर १२.६ च्या जागी १२.३ व्होल्ट दिसण्याची भीती. तेव्हा थांबू नये, आणि टेस्टर लावून सीसीए, म्हणजे थंडीत गाडी सुरू करायची ताकद, तर मुळीच विचारू नये.

वॉरंटी कार्डावरचा नंबर बॅटरीवरच्या नंबराशी ताडून बघण्याचीही गरज नाही. अण्णांचं अक्षर तसंही कुणाला लागत नाही.