इंचभर चुकलेलं पार्टिशन

हॉलचे दोन तुकडे करायचे ठरले की घरातल्या सगळ्यांचं लक्ष रंगाकडे असतं. मला मात्र पहिल्याच दिवशी कळतं की या घरात एकही गोष्ट सरळ नाही. लादी एका कोपऱ्यात दबलेली, स्लॅबला मधोमध पोट सुटलेलं, आणि भिंती जेवून रेललेल्या पाहुण्यांसारख्या. या मंडळींच्या मधे ताठ उभं राहायची जबाबदारी एकट्या पार्टिशनची.

समजा रुंदी 10 फूट, उंची 9 फूट 6 इंच. नव्या खोलीला पॅसेजमधून दार आहेच, म्हणून मधे दार नको. लाकूड 3 बाय 2 चं, वाळलेलं. ओलं लाकूड स्वस्त मिळतं, पण ते पुढे आकसतं आणि सांधे रात्री-बेरात्री कुरकुरायला लागतात.

आधी लादीवर सुतळीने रेघ मारायची. ती वर नेताना भिंतीला धरून नेऊ नका. भिंत खोटं बोलते. स्लॅबवरून ओळंबा सोडा. त्याचं टोक खालच्या रेघेवर आलं की वर खूण, असं दोन्ही टोकांना. या दोन खुणा जोडल्या की वरच्या पट्टीची जागा मिळाली.

आता वरची पट्टी ठोकायची, म्हणजे तोंड वर करून सिमेंटची भुकटी खायची. चष्मा लावा. स्क्रू 4 इंची घ्या, कारण 2 इंच लाकडात जातात, अर्धा इंच प्लास्टरमध्ये, आणि उरलेले दीड इंचच काय ते काँक्रीट धरतं. 3 इंची स्क्रूला काँक्रीट जेमतेम अर्धा इंच मिळतं, म्हणजे पट्टी प्लास्टरच्या भरवशावर लोंबकळणार. दर 2 फुटांवर एक गट्टी, आणि दोन्ही टोकांपासून चार-सहा इंचांत एकेक. स्लॅबमधून पंख्याची वायर कुठून गेली आहे हे मात्र आधी शोधा. ड्रिलला ती नेहमी तुमच्या आधी सापडते.

खालच्या पट्टीचं काम फक्त जागेवरून न सरकण्याचं. पण लादीवर बोटाने टकटक करून बघा. पोकळ वाजली तर तिथली जागा सोडून पुढे भोक पाडा. लादी पार होईपर्यंत ड्रिलचा हॅमर बंद ठेवायचा, मग चालू करायचा. उलटं केलंत की लादीवर नकाशा उमटतो.

आता उभी लाकडं. खरा घोळ इथेच होतो. पहिलं भिंतीला टेकवलं की लोक त्याच्या मध्यापासून 2 फूट मोजून दुसरं लावतात, त्याच्या मध्यापासून तिसरं. ऐकायला बरोबर वाटतं. पण पहिल्याचा मध्य भिंतीपासून 1 इंचावर आहे, त्यामुळे तिसऱ्याचा मध्य येतो 49 इंचांवर. 4 फुटी प्लायवूडची कड 48 इंचांवर संपते, म्हणजे त्या लाकडाच्या अगदी काठावर. कडेचा स्क्रू हवेत! म्हणून मोजायचं ते नेहमी भिंतीपासून: 24, 48, 72, 96 या खुणांवर लाकडांचे मध्य, आणि शेवटचं पलीकडच्या भिंतीला टेकून. झाली सहा.

सहाही एकाच मापाची कापू नका. दोन पट्ट्यांचे 4 इंच वजा जाता 9 फूट 2 इंच हे कागदावरचं माप. स्लॅबचं पोट प्रत्येक ठिकाणी वेगळं. एकेकाचं माप घेऊन असं कापा की हातोडीच्या दोन हलक्या टोल्यांत बसेल. सूतभर मोठं झालं की ठोकून बसवल्यावर धनुष्यासारखं वाकतं, आणि लहान झालं की डुगडुगतं.

मधले आडवे तुकडे लोक कंटाळून टाळतात, आणि तीच चूक. त्यांच्याशिवाय उभी लाकडं पावसाळ्यात वाटेल तशी वळतात. माप मात्र वाकलेल्या मध्यावर घेऊ नका, खालच्या पट्टीजवळ घ्या: कडेच्या दोन गाळ्यांत 21 इंच, मधल्या तिघांत 22. तोच तुकडा वर ठोकून बसवला की वाकडं लाकूड गुमान सरळ होतं. 4 फुटांवरची ओळ एक वर, एक खाली अशी ठेवा, म्हणजे दोन्ही बाजूंनी सरळ खिळा मारता येतो.

दुसऱ्या ओळीला ही चैन नाही. प्लायवूड 8 फुटी, आणि लादी पुसताना पाणी लागू नये म्हणून ते अर्धा इंच वर उचललेलं. म्हणजे सांधा येणार लादीपासून 8 फूट अर्ध्या इंचावर, आणि आडव्या तुकड्यांचा मध्य बरोबर तिथेच, एका ओळीत हवा. इथे तिरके खिळे मारण्याची कसरत अटळ आहे.

प्लायवूड चढवण्याआधी सांगाड्याला टेप लावून फोटो काढून ठेवा. नाहीतर घड्याळ टांगायच्या दिवशी लाकूड शोधत भिंतभर टकटक करत फिरावं लागतं, आणि पलीकडच्या खोलीतून कुणीतरी ओरडतं, "दार उघडंच आहे, या की!"