अंडं अडखळलं म्हणून प्लास्टिकचं?

"सावधान! अंडं ओट्यावर फिरवून बघा. गरगर फिरलं तर अस्सल, अडखळलं तर प्लास्टिकचं. बोट लावून थांबवल्यावर आपोआप परत फिरलं तर आत केमिकल. उकडलेलं अंडं जड होतं म्हणून जोरात फिरतं. सगळ्या ग्रुपवर पाठवा."

हे वाचून आमच्या मावशीने काल डझनातली दहा अंडी कचऱ्यात टाकली. जी दोन 'अस्सल' निघाली, ती तिनेच सकाळी नातवाच्या डब्यासाठी उकडून ठेवली होती!

आधी ते केमिकल. कच्चं अंडं ओट्यावर आडवं ठेवून जोरात फिरवा. दोन-चार गिरक्या झाल्या की वरून बोटाचं टोक क्षणभर टेकवून लगेच उचला. थांबलेलं अंडं हळूच पुन्हा फिरायला लागतं. बोटाने फक्त कवच थांबवलेलं असतं, आतला पांढरा आणि बलक फिरतच असतात. बादलीतलं पाणी ढवळून हात काढला तरी ते फिरत राहतं, तसंच. तो फिरता द्रव कवचाला आतून घासतो आणि सोबत ओढून नेतो. आता हेच करा, पण बोट चार-पाच सेकंद तसंच ठेवा. आतला द्रवही कवचाला घासून थांबतो आणि बोट उचललं तरी अंडं गप्प पडून राहतं. केमिकल आपोआप फिरवत असेल, तर ते या वेळी कुठे गेलं?

अडखळण्यामागेही तोच द्रव. फिरवताना बोटांचा जोर फक्त कवचाला मिळतो, आतला माल मागे राहतो. त्याला ओढता ओढता कवचाचा वेग मरतो आणि अंडं डुलतं. उकडलेलं आतून घट्ट, म्हणून सगळं एकदमच फिरतं आणि बोट लावलं की एकदमच थांबतं. वजनाचा इथे संबंध नाही. काटा असेल तर उकडण्याआधी आणि नंतर तोलून बघा, जेमतेम फरक पडतो.

प्लास्टिकच्या अंड्यांबद्दल तर एफएसएसएआय या देशाच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०१८ मध्येच खुलासा केला होता: हुबेहूब नैसर्गिक अंड्यासारखं कृत्रिम अंडं बनवणारं तंत्रज्ञान माहीत नाही. विषय संपला.

बरं, फिरवून बघण्याची युक्ती खरी आहे, एवढं मान्य करावं लागेल. पण ती फक्त कच्चं की उकडलेलं, एवढंच सांगते. पांढरा घट्ट झालेला आणि बलक अजून पातळ असलेलं अंडंही बरंचसं उकडलेल्यासारखं फिरतं, तेव्हा बलक शिजला का हे तिथे कळत नाही. ताजेपणाही नाही. त्यासाठी कच्चं अंडं पाण्यात सोडा: ताजं तळाशी आडवं पडतं, जुनं उभं राहतं किंवा तरंगतं, कारण कवचाच्या छिद्रांतून ओल निघून आतली हवेची पोकळी वाढलेली असते. मावशीची दहाही अंडी आम्ही पिशवीतून काढून पातेल्यात सोडली. आठ आडवी पडली, दोन फुटलेली होती.