मडक्यातली तुमची दोन अंडी

थंडी पडली आणि अलिबागच्या बाजारात वालाच्या शेंगांचे ढीग दिसू लागले की साहेब लोकांना आपापली वाडी आठवते, आणि वाडीत मडक्यात शेंगा-अंडी भाजायची पोपटी. वाडी नागावला असेल, चौलला असेल, नाहीतर रेवदंड्याच्या अलीकडे. बुधवारी चहाच्या वेळी साहेब तुमच्या टेबलाशी येतात, खांद्यावर हात ठेवतात आणि म्हणतात, "शनिवारी वाडीत पोपटी लावतोय. यायचंय हां."

तुम्हाला जायचं नाही. का, ते आम्ही विचारणार नाही. आठवडाभर ट्यूबलाइटखाली पाहिलेले चेहरे शनिवारी परत जाळाच्या उजेडात पाहायचे नाहीत, एवढं कारण कुणालाही पुरावं. प्रश्न उरतो तो साहेबांना न दुखावता नाही म्हणायचा. त्यासाठी आपल्याकडे एक जुनी, घरोघर चालत आलेली पद्धत आहे, आणि ती नीट पाळली तर साहेब हमखास दुखावतात. तेव्हा लक्ष देऊन वाचा.

सुरुवात 'बघतो' या शब्दाने करायची. "बघतो साहेब, जमवतो." हा शब्द म्हणजे कारागिरीचा नमुना आहे. बोलणाऱ्याला तो 'नाही' वाटतो आणि ऐकणाऱ्याला 'हो'. दोघंही समाधानाने आपापल्या कामाला लागतात. तुम्ही मोकळे झालात असं तुम्हाला वाटतं, आणि तिकडे साहेब मनातल्या मनात एक माणूस वाढवतात.

हे माणूस वाढवणं तुम्ही हलक्यात घेऊ नये. पोपटी म्हणजे काही भात नव्हे, की चार माणसं कमी आली तर कुकर एका शिट्टीने लवकर उतरवला. तिचा सगळा हिशेब आधी असतो. दर माणशी साधारण अर्धा किलो शेंगा, दोन अंडी, एक बटाटा, चिकनचे तीन-चार तुकडे असं साहेब कागदावर मांडतात. शेंगा शुक्रवारच्या संध्याकाळी येतात. चिकनला मीठमसाला शनिवारी दुपारी लागतो. मडक्याच्या तळाशी भांबुर्डीचा पाला, त्यावर मीठ-ओवा चोळलेल्या शेंगांचा थर, मध्ये अंडी, बटाटे, केळीच्या पानात गुंडाळलेलं चिकन, परत शेंगा, आणि शेवटी तोंडाशी पाला गच्च कोंबून मडकं उलटं करायचं. पाणी नाही, तेल नाही. भोवती सुका पालापाचोळा आणि झावळ्या पेटवल्या की अर्ध्या-पाऊण तासाचा खेळ. वरून पाण्याचे थेंब शिंपडायचे; चर्र करून क्षणात उडून गेले की झाली पोपटी.

आता यात तुमचं 'नाही' कुठे बसतं ते पाहा. बुधवारी सांगितलेलं 'नाही' कागदावरच्या एका आकड्याला लागतं, पेन्सिलीने खोडलं की संपलं. शनिवारी दुपारनंतरचं 'नाही' चिकनला लागतं. आणि मडकं उलटं झाल्यावर फोनवरून आलेलं 'नाही' थेट साहेबांना लागतं, कारण तुमची दोन अंडी आता आत आहेत आणि तोंड बंद आहे. म्हणून आमची शिफारस अशी की शनिवारी संध्याकाळी साडेसातच्या आत काहीही कळवू नये.

पण मधले तीन दिवस रिकामे का घालवायचे? त्या काळात कारणं पुरवावीत. कारण जितकं ठोस तितकं चांगलं, असा नवशिक्यांचा समज असतो. मुरलेल्या माणसाला ठाऊक असतं की कारण ही साहेबांपुढे ठेवलेली अडचण असते, आणि अडचणी सोडवण्याचाच तर साहेबांना पगार मिळतो.

"साहेब, परत यायला गाडी नाही." "गाडी पाठवतो की."

"लेकाची परीक्षा आहे." "त्यालाही आण. दोन तासांनी काय बिघडतंय?"

"मी शनिवार पाळतो." हे कारण बरं वाटतं, मारुतीचा आधार आहे. पण गेल्याच शनिवारी खानावळीत तुम्ही सुरमईचा तुकडा मागून घेतला होता, आणि बिल साहेबांनी दिलं होतं. त्यांच्या लक्षात नसेल तर आणखीच पंचाईत: "मग तुझ्यासाठी बिनचिकनचं वेगळं मडकं लावतो." उपास सांगितलात तर त्या वेगळ्या मडक्यात शेंगांऐवजी रताळी आणि करांदे पडतील. म्हणजे आता एका माणसासाठी एक अख्खं मडकं, एक वेगळा जाळ आणि एक वेगळा गडी. इतक्यावर पाणी फिरवून घरी बसणं हे येरागबाळ्याचं काम नाही.

काही धाडसी लोक भावकीतलं सूतक काढतात. ते बिनतोड असतं, पण फार टिकाऊ असतं. दहा दिवस पुरतं. तेवढे दिवस हापिसातल्या सत्यनारायणाचा तीर्थप्रसाद टाळायचा, देवळाच्या पायरीवर कुणाला दिसायचं नाही, आणि "कोण गेलं रे?" या प्रश्नाला प्रत्येक वेळी त्याच नात्यातला तोच माणूस सांगायचा. शिवाय साहेब भेटायला घरी येऊ शकतात. ते समोर बसून "वय काय होतं?" विचारतील आणि स्वयंपाकघरातून तुमच्या आई ओरडतील, "कुणाचं?"

वडखळ नाक्यावर अडकलो, हे मुंबईकडून येणाऱ्या पाहुण्याला शोभतं. तुमचं घर चेंढऱ्यात असताना ते वापरायचं तर आधी वडखळला जाण्याचं कारण शोधावं लागेल, आणि तिथून पुढे पोयनाडला साहेबांचा मेव्हणा निघेल. निघतोच. या जिल्ह्यात खोटं बोलणाऱ्याची खरी अडचण पोलीस नसतात, सोयरे असतात.

ग्रुपचं विसरू नका. गुरुवारी रात्री कुणीतरी 'पोपटी शनिवार' नावाचा ग्रुप काढतो आणि पटापट अंगठे उमटायला लागतात. इथे दोन मार्ग आहेत आणि दोन्ही उत्तम. एक, तुम्हीही अंगठा टेकवावा, म्हणजे 'बघतो'ला लेखी पुरावा मिळतो. दोन, चौदा माणसांसमोर तिथेच लिहावं, "मला जमणार नाही." त्यापाठोपाठ पाच मिनिटांत आणखी तिघांना जमेनासं होतं, आणि ज्यांनी टेबलाशी येऊन खांद्यावर हात ठेवला होता त्यांना आपली वाडी रिकामी होताना मोबाईलवर बघायला मिळते. गळतीचं पहिलं भोक कोणी पाडलं, हे वेळेसकट नोंदलेलं राहतं.

शनिवारी साडेसात वाजले की ताप आणा. अंग मोडून आल्याचा मेसेज टाका आणि फोन बंद करा. घरातल्या बाकीच्यांचे फोन मात्र चालू राहू द्यावेत. संक्रांत ते रथसप्तमी हळदीकुंकवाचे दिवस, त्यामुळे सौभाग्यवतींच्या स्टेटसवर वाणाच्या डब्यामागे सोफ्यावर टेकून मॅच बघणारे तुम्ही सहज येऊन जाता. त्याची काळजी करायचं कारण नाही, कारण दहाच्या सुमारास साहेब स्वतःच दारात उभे असतात. हातात पातेलं, पातेल्यात केळीच्या पानावर गरम शेंगा आणि तुमची दोन अंडी. "म्हटलं ताप आहे, तोंडाला चव येईल." या क्षणी हातातला रिमोट कुठे ठेवावा, यावर आमच्याकडे उपाय नाही.

आता हापिसात एखादा अगदीच अरसिक माणूस असतो, त्याच्याविषयीही सांगायला हवं. त्याला यातलं काही जमत नाही. आमंत्रण बुधवारी आलं तर तो बुधवारीच, फार तर गुरुवारी सकाळी, साहेब एकटे असताना केबिनमध्ये जातो. उभ्या उभ्या म्हणतो, "साहेब, आठवणीने बोलावलंत, बरं वाटलं. शनिवारी मला यायला जमणार नाही. माणसं मोजताना मला धरू नका." संपलं. तीन वाक्यं. कारण एकही नाही. आणि कारण नसल्यामुळे साहेबांना सोडवायला काही हातात मिळत नाही.

साहेब आग्रह करतात, तो तर करायलाच हवा. एका वेळच्या नकारावर आग्रह सोडणारा यजमान आपल्याकडे कंजूष ठरतो. "अरे, तासभर ये." अशा वेळी तुम्ही-आम्ही नवीन कारण काढलं असतं, सासूबाई, दाढदुखी, काहीतरी. हा माणूस मघाचंच वाक्य त्याच सुरात परत म्हणतो: "नाही साहेब, शनिवारी नाही जमणार." पहिल्यापेक्षा मोठ्याने नाही आणि पडेल आवाजातही नाही. साहेबांनी "काही विशेष?" असं विचारलंच तर "घरी थांबायचंय" म्हणतो. ते खरं असतं, आणि घरी थांबणाऱ्याला गाडी पाठवता येत नाही. तिसऱ्यांदा आग्रह झाला तर हसून म्हणतो, "माझ्या वाटची अंडी तुम्ही खा." मग फाइल उचलून बाहेर.

त्याच्या चुका इथेच थांबत नाहीत. "पुढच्या वेळी नक्की" हे वाक्य तो म्हणत नाही. शेंगांचा हंगाम जेमतेम दोन-अडीच महिने, पण त्यात शनिवार आठ-दहा येतात, आणि 'पुढची वेळ' म्हणजे साहेबांच्या लेखी पुढचा शनिवार. पुढे खरंच जायचं असेल तर तो तारीख सांगतो, नसेल तर गप्प बसतो. भरपाई म्हणून काजूकतलीचा पुडाही पाठवत नाही; पुडा पाठवला की काहीतरी दडवलंय असा वास येतो. आणि हे सगळं तो पोपटीपुरतंच करतो. साहेबांच्या घरी गणपती बसले किंवा मुलीचं लग्न निघालं की नकाराचा विचारही न करता जातो, दहा मिनिटं टेकतो, मोदक खातो, पाया पडून निघतो.

सोमवारी आम्ही सांगितलेल्या पद्धतीने चालणारा माणूस खोकत येतो. त्याला दिवसभर खोकावं लागतं, आणि साहेब त्याच्याशी कमालीच्या सौजन्याने बोलतात, "अहो-जाहो" करून. एरवी ते त्याला अरे-तुरे करतात.

अरसिक माणूस मात्र साहेबांच्या टेबलाशी जाऊन विचारतो, "कशी झाली पोपटी?" साहेब पेन खाली ठेवतात. जाळ एका बाजूने कमी पडला, त्या अंगाच्या शेंगा कच्च्याच राहिल्या, थेंब शिंपडायची घाई कोणी केली, पाला कसा सैल भरला होता, सगळं सांगतात. पाच-सात मिनिटं जातात. तो शनिवारी नव्हता, हे साहेबांच्या ध्यानातही नसतं. सांगता सांगता एकदा तर ते त्यालाच विचारतात, "तू होतास ना तेव्हा?"