रूट कॉज म्हणे ऑपरेटर!

आत्ता मीटिंगच्या मिनिट्सचा मेल आला आणि डोकं फिरलं. नगातलं भोक, म्हणजे बोअर, मापात न आल्याने होणाऱ्या रिजेक्शनवर सकाळी एवढा काथ्याकूट झाला आणि रूट कॉज काय लिहिलंय, तर 'ऑपरेटर अवेअरनेस'. मशीनवरच्या ज्या भाऊंनी खराब नग बाजूला काढून दाखवले, त्यांच्याच डोक्यावर खापर!

अंबडच्या प्लँटमधली मीटिंग. बसलेले सिन्नरचे, दिंडोरीचे, मालेगावचे. पण स्क्रीनवर एक साहेब बाहेरून जोडलेले, म्हणून सगळं इंग्रजीत. ते साहेब निम्मा वेळ म्यूटवर. आणि आमची मंडळी एकमेकांनाही 'ॲज राइटली सेड बाय' करतायत. हेच बाहेर टपरीवर 'काय रे भो' म्हणून हाक मारतात. मला याचीच जास्त चीड आहे.

मुद्दा सरळ होता. कापणारं इन्सर्ट घासलं असतं, तर बोअर नगागणिक लहान होत गेला असता आणि नवं इन्सर्ट लावल्यावर साइझ जागेवर आली असती. इथं इन्सर्ट नवं असो की जुनं, खराब नग फक्त पहिल्या शिफ्टच्या सुरुवातीचे आणि जेवणाच्या सुट्टीनंतरचे. निफाडचा पारा पडला की हे वाढतं. म्हणजे मशीन गार असतं. स्पिंडल आणि बॉलस्क्रू तापून फुगेपर्यंत साइझ सरकत राहते. पंधरा-वीस मिनिटं मशीन रिकामं फिरवा, पहिला नग मोजून ऑफसेट द्या, मग माल काढा. विषय संपला.

हे मराठीत मी झोपेतही सांगेन. तिथं तोंडातून निघालं काय, तर "सर, मॉर्निंग में मशीन थंडा रहता है, तो वो… ॲडजस्ट नहीं होता." साहेब म्हणाले, "मतलब ऑपरेटर ॲडजस्ट नहीं करता?" मी म्हटलं, "नहीं, मतलब हां, मतलब…" तेवढ्यात शेजारच्याने 'ट्रेनिंग गॅप' म्हणून स्लाइड पुढे ढकलली. आता हे लिहिताना मलाच हसू येतंय. त्या 'मतलब'मध्ये मीच भाऊंना गाडलं की हो!

आणि अप्रेझलला परत तेच, 'कम्युनिकेशन सुधारा'. रात्री मशीन अडलं की फोन मात्र मलाच, तोही शुद्ध मराठीत, 'जरा बघतोस का रे' म्हणून. तेव्हा बरं माझं कम्युनिकेशन चालतं!

कारणाचा रकाना बदला म्हणून उत्तर मराठीतच टाकलंय, सोबत वेळेनुसार मोजलेली साइझ जोडली आहे. अजून कुणी उघडलेलं नाही. उद्या भाऊंना ट्रेनिंग मीच द्यायचंय, ऑडिटरला दाखवायला इंग्रजी पीपीटीतून. भाऊ फक्त एवढंच विचारणार, "ते सगळं ठीके, पण मशीन तापवायला वेळ देणारेत का?"